पूर्ण झालेली प्रस्तावना सहकाऱ्याला वाचून दाखवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शोधनिबंधाच्या किंवा प्रबंधाच्या प्रस्तावनेपुरतं आहे. पुढची उदाहरणं भूजलशास्त्रातली आहेत, कारण तो विषय मला जवळचा आहे. वाचनाची आणि खुणांची पद्धत मात्र रसायनशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत कुठेही तशीच चालते.

## नेमकं काय करायचं असतं?

लेखकाने प्रस्तावना पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एका सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची. सहकाऱ्याच्या हातात कागद द्यायचा नाही. ऐकताना ज्या क्षणी धागा सुटला असं वाटेल, त्या क्षणी त्याने किंवा तिने हात वर करायचा. लेखकाने तेवढ्यापुरतं थांबून समासात पेन्सिलीने एक उभी रेघ ओढायची आणि काहीही न समजावता पुढचं वाक्य वाचायचं.

वाचन संपलं की लगेच खुणांकडे वळायचं नाही. आधी सहकाऱ्याला विचारायचं, "आता तुझ्या शब्दांत सांग, हा निबंध कशाबद्दल आहे?" ते सांगणं मध्ये न बोलता ऐकून, लिहून घ्यायचं. मग एकेका रेघेपाशी जाऊन तिथे काय झालं ते विचारायचं. सातशे शब्दांची मराठी प्रस्तावना वाचायला साधारण सहा-सात मिनिटं लागतात. पुढची चर्चा धरून पाऊण तास हाताशी ठेवावा.

## प्रस्तावनाच का? आणि ती पूर्ण झाल्यावरच का?

निबंधाच्या इतर भागांत वाचकाला आधार असतो. पद्धतीच्या विभागात कृतीचा क्रम असतो, निष्कर्षांत तक्ते आणि आलेख असतात. प्रस्तावनेत फक्त युक्तिवाद असतो. भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून १९९० साली त्यांचे तीन टप्पे मांडले: आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्या क्षेत्रात काय कळलेलं नाही ते दाखवायचं, आणि शेवटी आपला अभ्यास ती उणीव कशी भरतो ते सांगायचं. या तिन्हींपैकी एक सांधा निखळला की पुढचं सगळं ऐकू येतं, पण ते कशासाठी चाललंय ते कळत नाही.

अर्धवट मसुदा वाचला तर बोलणं संशोधनाकडे वळतं. "हा नमुना कमी नाही का?", "अमुक पद्धत का नाही वापरली?" असे प्रश्न येतात. ते मोलाचे असतात, पण त्यांचं उत्तर प्रयोगशाळेत किंवा शेतावर शोधावं लागतं. निष्कर्ष पक्के झाले, वाक्यांचा क्रम ठरला आणि लेखकाला "आता यात बदलण्यासारखं काही नाही" असं मनापासून वाटू लागलं, की मग ऐकणाऱ्याचा गोंधळ फक्त मांडणीबद्दल सांगतो.

## मी एकट्यानेच मोठ्याने वाचून पाहिलं तर?

वाक्य लांबलंय, शब्द पुन्हा आलाय, क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, एवढं एकट्याने वाचून नक्की सापडतं. दोन वाक्यांच्या मधली गाळलेली पायरी मात्र सापडत नाही. ती पायरी तुमच्या डोक्यात आहे, आणि वाचताना डोकं ती आपोआप भरून घेतं.

हे किती आपोआप होतं ते एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या एका प्रयोगात दिसतं. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं, एवढाच तो प्रयोग. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्म्या वेळा तरी समोरचा ओळखेल. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण चाल सुरू होती, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोहोचत होती. प्रस्तावनेचा लेखक नेमका वाजवणाऱ्याच्या जागी असतो, आणि कितीही निष्ठेने वाचलं तरी त्याला ती चाल कानातून काढून टाकता येत नाही.

## श्रोता कसा निवडावा?

आपल्या शाखेचा, पण आपल्या प्रश्नावर काम न करणारा. भूजलावरचा निबंध असेल तर त्याच विभागातला खनिजशास्त्राचा किंवा दूरसंवेदनाचा सहकारी उत्तम. त्याला बेसाल्ट माहीत असतो, पाणलोट माहीत असतो, पण तुमच्या पाणलोटात तुम्ही तीन वर्षं काय केलंत ते माहीत नसतं. नियतकालिकाचा बहुतेक वाचक असाच असतो.

सहलेखक नको, त्याच्या कानात तीच चाल असते. मार्गदर्शकही शक्यतो नको. ते विषय तुमच्याइतकाच जाणतात, आणि त्यांच्यासमोर वाचताना आपण प्रस्तावना वाचत नाही, परीक्षा देतो. आपल्याकडे पीएचडीचे विद्यार्थी हौसेने आपल्या कनिष्ठांना बसवतात. कनिष्ठ हुशार असतात, पण हात वर करायला लाजतात आणि शेवटी "मस्त झालंय, दादा" एवढंच म्हणतात. बरोबरीचा, ज्याला तुम्ही "अरे-तुरे" करता आणि जो तुम्हाला न संकोचता "थांब, कळलं नाही" म्हणू शकतो, तोच या कामाचा.

## श्रोत्याच्या हातात एक प्रत दिली तर बरं नाही का?

नाही. प्रत हातात असली की श्रोता वाचक होतो. अडलं की नजर दोन ओळी मागे जाते, तो संबंध स्वतः जोडून घेतो आणि पुढे जातो. हे सगळं सेकंदभरात होतं आणि त्याचं त्यालाही कळत नाही. आपल्याला नेमकं तेच पाहायचं असतं: कुठे मागे जावंसं वाटलं? कागद नसला की मागे जाता येत नाही, म्हणून हात वर होतो.

शिवाय कागदावर शुद्धलेखन दिसतं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा श्रोता युक्तिवाद ऐकत नाही. प्रस्तावनेत नकाशा असेल तर तो मात्र समोर ठेवावा, कारण तो वाचकालाही दिसणारच आहे.

## वाचायचं कसं?

सपाट. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात अवघड हेच आहे. लेखकाचा आवाज वाक्याची डागडुजी करतो. "तो" कोणाला उद्देशून आहे हे लिखाणात कळत नसलं तरी आपण योग्य शब्दावर जोर देतो आणि श्रोत्याला कळतं. परिच्छेद अचानक वळत असेल तर आपण तिथे मोठा विराम घेतो. छापल्यावर तो जोर आणि तो विराम वाचकाकडे जाणार नसतात.

म्हणून बातम्या वाचल्यासारखं एका वेगाने वाचावं. पूर्णविरामाला थांबावं, स्वल्पविरामाला किंचित थांबावं, बाकी कुठेही नाही. कागदावर नसलेला एकही शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. तरीही वाचताना "म्हणजे", "आता इथे काय होतं की" असे शब्द ओठांवर येतात. ते आले की तिथे एक छोटा गोल काढावा. हा गोल श्रोत्याच्या रेघेइतकाच मोलाचा आहे, कारण तिथे तुमच्या जिभेलाच एक पायरी कमी पडल्याचं जाणवलेलं असतं. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवलं, अर्थात सहकाऱ्याला विचारून, तर आपण नकळत घातलेले शब्द नंतर ऐकता येतात.

कंसातले संदर्भ, म्हणजे आडनावं आणि सालं, वाचायची नाहीत. पण आडनाव वाक्याचाच भाग असेल तर वाचायचं. एका परिच्छेदात तीन-चार वाक्यं सलग आडनावांनीच सुरू होत असतील तर श्रोता हमखास गळतो. त्याला कोणी काय केलं ते ऐकू येतं, पण त्यातून चित्र काय उभं राहिलं ते ऐकू येत नाही. आकडे आणि एककं मात्र पूर्ण वाचावीत.

## खुणा कोणत्या करायच्या?

वाचताना फक्त उभी रेघ. प्रस्तावना दुप्पट अंतराने छापलेली आणि ओळींना क्रमांक दिलेली असली की रेघ नेमक्या ओळीपाशी पडते. हात वर झाला तेव्हा तुमच्या तोंडात जो शब्द होता, त्याच्या समोर ती ओढायची.

प्रकार नंतर, चर्चेच्या वेळी लिहायचा. माझ्या अनुभवात चार अक्षरं पुरतात. "क" म्हणजे कोण: "हा", "ते", "यामुळे" हे शब्द कशाकडे बोट दाखवतात ते कळलं नाही. "श" म्हणजे शब्द: संज्ञा न समजावता आली, किंवा श्रोत्याने ती दुसऱ्याच अर्थाने घेतली. "प" म्हणजे पायरी: वाक्यं दोन्ही कळली, पण पहिल्यावरून दुसरं कसं आलं ते कळलं नाही. "का" म्हणजे हे मला का सांगताय: प्रत्येक वाक्य स्पष्ट, पण आपण कुठे चाललोय याचा पत्ता नाही.

प्रकार वाचतानाच लिहायचा मोह आवरावा. त्यासाठी श्रोत्याला विचारावं लागतं, विचारलं की तो बोलतो, तो बोलला की तुम्ही खुलासा करता, आणि खुलासा एकदा झाला की पुढची सगळी प्रस्तावना त्याच्या आधाराने ऐकली जाते. ऐकणारा कोरा राहिला नाही की पुढच्या खुणांना अर्थ उरत नाही.

## एखादं पूर्ण उदाहरण दाखवाल का?

हा परिच्छेद या पानासाठी रचलेला आहे. पण अशा प्रस्तावना मी खूप ऐकल्या आहेत. निबंधाचा विषय असा: पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींपर्यंत खरोखर पोहोचतं का?

> (१) महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. (२) या खडकाचे विशिष्ट उत्पन्न साधारण १ ते ३ टक्के असल्याने त्यातील भूजलसाठा मर्यादित असतो. (३) १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात मोठ्या प्रमाणावर पाझर तलाव बांधण्यात आले. (४) त्यांचा परिणाम प्रवाहांच्या रचनेवर अवलंबून असल्याने तो सर्वत्र सारखा नसतो. (५) यामुळे केवळ पाणीपातळीच्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष अपुरे ठरतात. (६) प्रस्तुत अभ्यासात एका पाझर तलावाखालील विहिरींच्या पाण्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचे प्रमाण तपासले आहे.

कागदावर वाचलं तर यात खटकण्यासारखं काही नाही. प्रत्येक वाक्य खरं आहे, व्याकरणशुद्ध आहे. आता श्रोता म्हणून खनिजशास्त्रातली सहकारी बसली आहे असं धरा. पहिल्या पाच वाक्यांत ती शांत ऐकते. सहाव्या वाक्यात "समस्थानिकांचे" या शब्दावर तिचा हात वर होतो. समासात एकच रेघ पडते.

वाचन संपल्यावर ती जे सांगते ते असं: "पाझर तलावांचा उपयोग गावोगावी वेगळा होतो, कारण ओढे-नाले वेगळे असतात. म्हणून तुम्ही पाण्याची तपासणी केली. प्रदूषण वगैरे पाहायला का?"

घाईत असलेला लेखक इथे "समस्थानिक" या शब्दाची व्याख्या घालतो आणि काम झालं असं समजतो. पण तिला समस्थानिक माहीत आहेत, ती खनिजशास्त्र शिकवते. तिला कळलं नाही ते हे, की समस्थानिक इथे आले कुठून. मागे जाऊया.

पाचव्या वाक्यातलं "यामुळे" पाहा. तलावाचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो, यावरून पाणीपातळीच्या नोंदी अपुऱ्या कशा ठरतात? उलट, परिणाम जागोजागी वेगळा असेल तर जागोजागी पातळी मोजावी, असंच कोणीही म्हणेल. खरं कारण लेखकाच्या डोक्यात आहे: पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी थेट मुरलेल्या पावसानेही वाढते, त्यामुळे वाढलेलं पाणी तलावाचं की पावसाचं ते पातळी सांगू शकत नाही. ही पायरी लिहिलेलीच नाही. आणि समस्थानिक याच पायरीवर उभे आहेत. तलावात साठलेल्या पाण्याचं बाष्पीभवन होताना हलके रेणू तुलनेने लवकर उडून जातात आणि मागे राहिलेल्या पाण्यात जड समस्थानिकांचं प्रमाण वाढतं. थेट मुरलेल्या पावसात ही खूण एवढी ठळक नसते. म्हणजे समस्थानिकांनी तलावाचं पाणी ओळखता येतं. लेखकाला हे इतकं परिचयाचं आहे की ते लिहायचं राहिलंय हे त्याला दिसत नाही.

आणखी मागे, चौथ्या वाक्यात "प्रवाह" आहे. लेखकाला लाव्हाचे प्रवाह म्हणायचे आहेत. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाच्या अशा थरांचाच बनलेला आहे, आणि थराचा सच्छिद्र भाग पाणी धरतो, तर घट्ट भागातून, ज्याला विहीर खणणारे काळा पाषाण म्हणतात, त्यातून भेगा नसल्या तर ते फारसं पुढे जात नाही. पण नुकतंच पाझर तलावाचं वाक्य ऐकलेल्या सहकारीच्या कानात "प्रवाह" म्हणजे पाण्याचा ओढा. तिने हात वर केला नाही, कारण तिला कळलं नाही असं तिला वाटलंच नाही. तिला चुकीचं कळलं होतं. हे फक्त तिच्या सांगण्यातून, "ओढे-नाले" या दोन शब्दांतून बाहेर आलं.

दुसरं वाक्य मात्र कोणाच्याच आड आलं नाही, आणि तरी ते काढून टाकण्यासारखं आहे. विशिष्ट उत्पन्नाचा पुढे कुठेही उपयोग होत नाही. सहकारीने सांगताना त्याचा उल्लेखही केला नाही. दुरुस्त परिच्छेद असा होऊ शकतो:

> महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. हा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला असून थराचा सच्छिद्र भाग पाणी धरतो, तर घट्ट भाग त्याला अडवतो. त्यामुळे १९७२ च्या दुष्काळानंतर बांधलेल्या पाझर तलावांचे पाणी खालच्या विहिरींपर्यंत पोहोचते की नाही, हे तलावाखाली कोणता थर आहे यावर अवलंबून असते. ते पोहोचले का, हे विहिरींच्या पाणीपातळीवरून सांगता येत नाही, कारण पावसाळ्यानंतर पातळी थेट मुरलेल्या पावसानेही वाढते. तलावाच्या पाण्याची स्वतःची ओळख हवी. ती बाष्पीभवनातून मिळते: साठलेल्या पाण्यातील हलके रेणू लवकर उडून जातात आणि ऑक्सिजन व हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचे प्रमाण वाढते. ही ओळख तलावाखालील विहिरींच्या पाण्यात आढळते का, हे प्रस्तुत अभ्यासात तपासले आहे.

एका रेघेवरून तीन बदल झाले, आणि रेघ ज्या शब्दावर पडली होती तो शब्द जिथल्या तिथे आहे.

## मग खूण जिथे पडते तिथे चूक नसते का?

बहुतेक वेळा नसते. श्रोता न कळलेली गोष्ट लगेच नाकारत नाही. पुढे उलगडेल या विश्वासाने ती बाजूला ठेवतो. एक गोष्ट बाजूला ठेवता येते, कदाचित दोनही. तिसरी आली की हातातलं सगळं निसटतं आणि तिथे हात वर होतो. म्हणून प्रत्येक रेघेपासून मागे चालत जावं आणि प्रत्येक वाक्यापाशी श्रोत्याला विचारावं, "इथपर्यंत तू काय धरून चालली होतीस?" ज्या वाक्यापाशी तिचं उत्तर आणि तुमच्या मनातलं उत्तर वेगळं निघतं, तिथे दुरुस्ती हवी.

"क" प्रकारच्या खुणा याला अपवाद. सर्वनामाचा गोंधळ बहुधा त्याच वाक्यात किंवा त्याच्या लगेच आधीच्या वाक्यात असतो. "का" प्रकारच्या खुणांचं मूळ सगळ्यात लांब असतं, कधी कधी थेट पहिल्या परिच्छेदात, जिथे विषयाची व्याप्ती इतकी मोठी आखलेली असते की खरा प्रश्न तिथून दिसतच नाही. भूजलाच्या निबंधाची सुरुवात "पाणी हे जीवन आहे" अशी झाली की दुसऱ्या पानावर ही खूण पडणार हे ठरलेलंच.

## श्रोता हात वरच करत नाही. म्हणजे प्रस्तावना चांगली आहे का?

तसं धरू नका. एकही रेघ नसणं बहुधा भिडेचं लक्षण असतं. बसण्याआधीच स्पष्ट सांगावं की हात वर झाला तर दोष लिखाणाचा, ऐकणाऱ्याचा नाही, आणि पहिल्या परिच्छेदात दोनदा हात वर झाला तरी चालेल.

तरीही हात वर होत नसेल तर चेहरा पाहा. पण वाचता वाचता चेहरा पाहणं कठीण असतं, म्हणून त्याहून भरवशाचा उपाय असा: परिच्छेद संपला की थांबा आणि विचारा, "आता पुढे काय येईल असं वाटतं?" धागा हातात असलेला श्रोता पुढचा परिच्छेद ढोबळमानाने सांगतो. निसटलेला श्रोता ऐकलेलाच परिच्छेद पुन्हा सांगतो किंवा "काहीतरी पद्धतीबद्दल असेल" म्हणतो. तिथे परिच्छेदाच्या शेवटी रेघ ओढा.

शेवटचं सांगणं कधीही सोडू नका. त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: प्रश्न काय, तो अजून का सुटलेला नाही, आणि तुम्ही काय केलंत. मधली गोष्ट सगळ्यात जास्त वेळा गायब असते. "यावर फारसं काम झालेलं नाही" एवढंच ऐकू आलं असेल तर उणीव मांडली गेलेली नाही. काम न होण्यामागे काही अडचण असेल, जशी वरच्या उदाहरणात पाणीपातळीची मर्यादा आहे, तर ती अडचणच उणीव म्हणून लिहायला हवी.

## सहकारी लगेच वाक्य कसं बदलावं ते सुचवतो. ऐकावं का?

ऐकून घ्यावं, लिहूनही घ्यावं, पण तिथल्या तिथे स्वीकारू नये. कुठे अडलं याबद्दल श्रोता नेहमी बरोबर असतो, कारण अडला तोच आहे. कशामुळे अडलं आणि काय करावं याबद्दल मात्र त्याच्याकडे तुमच्यापेक्षा कमी माहिती असते. "इथे समस्थानिकांची व्याख्या दे" ही सूचना वरच्या उदाहरणात अगदी सहज आली असती, आणि तिने परिच्छेद आणखी जड केला असता.

आपणही बचाव करू नये. "अगं, ते पुढच्या परिच्छेदात आहे" हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा तेच टिपून ठेवावं: जी गोष्ट पुढच्या परिच्छेदात आहे, ती इथे लागते आहे.

## प्रत्येक खूण दुरुस्त करायलाच हवी का?

नाही. "श" प्रकारची खूण पडली आणि ती संज्ञा त्या नियतकालिकाचे सगळे वाचक रोज वापरत असतील, तर तशीच ठेवावी. "विशिष्ट उत्पन्न" भूजलाच्या नियतकालिकात समजावून सांगितलं तर वाचकाला ते खटकेल. "प" आणि "का" या खुणा मात्र सोडू नयेत. गाळलेली पायरी तज्ज्ञालाही अडते. फरक एवढाच की तज्ज्ञ ती स्वतः भरतो, आणि कधी कधी चुकीची भरतो.

## दुरुस्त्यांनी प्रस्तावना लांबते. शब्दमर्यादेचं काय?

पायरी घालायला एखादं वाक्य लागतं. ते वाक्य कुठून काढायचं याचं उत्तर श्रोत्याच्या सांगण्यात असतं. जे त्याने सांगितलं नाही आणि ज्याच्यावर पुढे काही अवलंबून नाही, ते आधी काढावं. विषयाचं महत्त्व सांगणारी सुरुवातीची वाक्यं आणि एकामागून एक दिलेला आधीच्या अभ्यासांचा आढावा इथेच बहुतेक जागा सापडते.

## प्रस्तावना इंग्रजीत आहे. चर्चा मराठीत चालेल का?

चालेल, आणि मी तसंच करायला सांगेन. वाचन इंग्रजीतच करावं, कारण तपासायचं ते लिखाण आहे. पण शेवटचं सांगणं मराठीत मागावं. इंग्रजीत विचारलं तर श्रोता तुमचीच वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी परत करतो, आणि कळलं की नुसतं आठवलं ते ओळखता येत नाही. मराठीत सांगताना त्याला ती वाक्यं उचलता येत नाहीत. अर्थ हाती असेल तरच तो बोलू शकतो.

एक काळजी घ्यावी. इंग्रजी ऐकताना कधी कधी उच्चारामुळे किंवा वेगामुळे शब्द निसटतो. तशी शंका आली तर चर्चेच्या वेळी तेच वाक्य हळू पुन्हा वाचावं. दुसऱ्यांदा ऐकून लगेच कळलं तर रेघ पुसून टाकावी.

## दूरच्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तर?

चालतं. फक्त कॅमेरा सुरू हवा आणि पडद्यावर प्रस्तावना दाखवायची नाही. आवाज मागे-पुढे होतो, म्हणून हात दिसल्यावर रेघ ओढताना एखाद-दोन शब्द मागे ओढावी.

## दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच सहकाऱ्याला वाचून दाखवावी का?

नाही, नवीन व्यक्ती शोधावी. पहिल्याला आता तलावाचं पाणी कसं ओळखायचं ते माहीत आहे, त्यामुळे दुरुस्ती फसली असली तरी त्याचा हात वर होणार नाही. याच कारणाने विभागातल्या सगळ्यांना एकदम गोळा करून वाचू नये. एकाने प्रश्न विचारला की बाकीचे सगळे त्याच वेळी जाणकार होतात. चार जण उपलब्ध असतील तर एकेक करून, मध्ये दुरुस्तीला वेळ ठेवून बसवावेत.

दुसऱ्या वाचनात रेघा कमी पडल्या तर जुन्या रेघांच्या जागा नव्या कागदावर शोधून पाहाव्यात. तिथे आता शांतता असेल आणि नवी रेघ दुसरीकडे पडली असेल तर ती दुरुस्तीसाठी घातलेल्या नव्या वाक्यानेच आणली आहे का, हे आधी तपासावं. दोन्ही कागद परीक्षकांचे अभिप्राय येईपर्यंत जपून ठेवावेत. परीक्षकाने प्रस्तावनेबद्दल विचारलेला प्रश्न आपण सोडून दिलेल्या एखाद्या रेघेपाशी येऊन पडला, तर ती रेघ कोणत्या प्रकारची होती ते पाहून पुढच्या निबंधाच्या वेळी कोणत्या खुणा सोडायच्या ते ठरवता येतं.